मराठी जिभेला तमिळ: ळ-ऴ, क्रियापदाची शेपटी आणि पहिला महिना

हिंजवडीत किंवा खराडीत नोकरी करणाऱ्याच्या आसपास तमिळ बोलणारं कोणी ना कोणी असतंच, आणि रास्ता पेठेत तर जुनी तमिळ घरं आहेत. म्हणजे ऐकायला भाषा गावातच मिळते. तरी शिकायला बसलेला पुणेकर बहुधा एकाच ठिकाणी अडतो. पुस्तकात ‘नान् पोगिरेन्’ म्हणजे ‘मी जातो’ असं असतं. तो ते पाठ करतो, आणि शेजारच्या टेबलावरचा माणूस फोनवर ‘पोरेन्’ म्हणतो. पुस्तकात ‘अवर्गळ्’, तोंडात ‘अवंग’. पुस्तकात ‘ऒन्ऱु’, तोंडात ‘ऒण्णु’. प्रमाण मराठी आणि बोली मराठी यांत जेवढं अंतर आहे, त्याहून हे अंतर बरंच जास्त आहे. लेखी तमिळ घरात कोणीच बोलत नाही, अगदी तमिळचे प्राध्यापकसुद्धा जेवायच्या ताटावर ती बोलत नाहीत.

म्हणून पहिला निर्णय हा: पहिला महिना फक्त बोलीचा. खाली दिलेली सगळी रूपं बोलीतली आहेत. वर्तमानपत्र वाचायचं असेल तर लेखी रूपं नंतर शिकता येतात आणि बोली आली की ती लवकर बसतात. उलट दिशेनं गेलात तर तुमचं बोलणं बातम्या वाचल्यासारखं होतं आणि समोरचं बोलणं कानावरून निघून जातं.

वहीत कसं लिहायचं

पहिले दोन आठवडे देवनागरीतच लिहा. इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं तमिळ वाचू नका, कारण तमिळ लोक त्यात ‘त’साठी टी-एच आणि ‘ट’साठी नुसता टी लिहितात, आणि ज्या ‘ऴ’बद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे त्यासाठी झेड-एच. त्यामुळेच आपण ‘कोझिकोड’ म्हणतो. त्या गावाच्या नावात ‘झ’ कुठेच नाही.

देवनागरी मात्र थोडी वाढवून घ्यावी लागते. तमिळमध्ये ए आणि ओ ह्रस्वही असतात आणि दीर्घही. ह्रस्वासाठी ऎ, ऒ आणि त्यांच्या मात्रा ॆ, ॊ वापरा. हा फरक हौशी नाही. ‘पॆट्टि’ म्हणजे पेटी आणि ‘पेट्टि’ म्हणजे मुलाखत. आपल्या तोंडात पेटीचा ए लांबच असतो, त्यामुळे सामानाची पेटी मागताना मराठी माणूस हमखास मुलाखत मागतो.

दुसरी सवय मोडायची ती शेवटचा अ गिळण्याची. आपण ‘वर’ लिहितो आणि ‘वर्’ म्हणतो. तमिळमध्ये ‘वर’ म्हणजे ‘यायला’, आणि त्यातला शेवटचा अ नीट ऐकू आला पाहिजे. या लेखातल्या तमिळ शब्दांत जिथे पाय मोडलेला नाही तिथे अ पूर्ण उच्चारा, मधलासुद्धा: ‘वरलॆ’ हे व-र-लॆ आहे, वर्-लॆ नाही. शब्दाच्या शेवटचा उ मात्र ओठ गोल न करता, अर्धवट सोडून द्यायचा. शेवटचे न् आणि म् पूर्ण मिटवायचे नाहीत, नाकातून जाऊ द्यायचे. आणि च नेहमी ‘चहा’तला, ‘चमचा’तला कधीच नाही.

ख, घ, ठ, ध, भ असे महाप्राण तमिळच्या मूळ शब्दांत नाहीतच, त्यामुळे तिथे शिकायचं काही नाही.

जीभ मागे वळवणं

ट, ड, ण, ळ हे मूर्धन्य वर्ण मराठी माणसाला आयते मिळालेले आहेत. हिंदी भाषिकाला ळ शिकवताना जो घाम फुटतो, तो इथे वाचतो. दोन स्वरांमधला तमिळ ड आपल्या ‘वडा’तल्या डसारखाच, जीभ पटकन आपटून येणारा आहे. फरक एवढाच की तमिळमध्ये जीभ जरा जास्त मागे वळते. जिभेच्या टोकाची खालची बाजू टाळूला लागते. आपला ट लावला तरी काही बिघडत नाही, फक्त जरा परका वाटतो.

न आणि ण यांतला फरक मात्र सांभाळा. ‘पनि’ म्हणजे दव, ‘पणि’ म्हणजे काम. पुण्यात पाणी-पानीवरून माणसाची परीक्षा करायची जुनी खोड आहे. तीच काटेकोर नजर इथे स्वतःवर रोखा.

बिघडतं ते द्वित्तात. तमिळमध्ये व्यंजन एकेरी की दुहेरी यावर अर्थ बदलतो, आणि दुहेरी म्हणजे खरोखर थांबायचं. ‘पुळि’ म्हणजे चिंच. ‘पुळ्ळि’ म्हणजे ठिपका. आपल्याकडे ‘पत्ता’, ‘अण्णा’ असे द्वित्त आहेत, पण ळचं द्वित्त जवळजवळ नाही, म्हणून जीभ ते टाळते. उपाय सोपा आहे. ‘पुळ्’वर जीभ टाळूला लावून तशीच ठेवा, आवाज बाजूंनी चालू राहू द्या, मनात एक मोजा, मग ‘ळि’ सोडा. ‘पळ्ळि’ म्हणजे शाळा. हा शब्द रोज म्हणावा असा आहे.

आता ऴ. ‘तमिळ’ या नावाच्या शेवटी खरं तर हाच वर्ण आहे: तमिऴ्. मराठी वर्तमानपत्रं ‘द्रविड मुन्नेत्र कळघम’मध्ये ळ लिहितात तिथेही मुळात ऴ आहे, कऴगम्. हा ळ नाही, र नाही आणि य नाही. ळ म्हणताना जीभ वळून टाळूला लागते. ऴ म्हणताना ती तेवढीच वळते, पण लागत नाही.

असं करून बघा. ‘अळ’ म्हणा, पण अतिशय सावकाश. जीभ मागे वळून टाळूला टेकायच्या बेतात आली की तिथेच थांबवा, टेकू देऊ नका, आणि घशातला आवाज चालूच ठेवा. जो घोगरा, लांबणारा आवाज निघेल तो ऴ. अमेरिकन माणसं ‘बर्ड’ म्हणताना मधे जो आवाज काढतात, तो याच्या अगदी जवळ आहे. आयटीतल्या लोकांना तो कानानं परिचित असतो. खूण अशी: ऴ तुम्हाला दोन-तीन सेकंद अखंड लांबवता आला पाहिजे. मधे ‘टक्’ असा टेकल्याचा आवाज आला तर तो ळ झाला. थरथर झाली तर र. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. बोलताना स्वतःचा कान फसवतो.

सरावासाठी रोजच्या वापरातले शब्द घ्या: मऴै (पाऊस), पऴम् (फळ), वऴि (वाट), एऴु (सात), कोऴि (कोंबडी). बोलताना शेवटचा ऐ ह्रस्व ए होतो, म्हणून ‘मऴै’ तोंडात ‘मऴॆ’ होतं. ‘वाऴैप्पऴम्’ म्हणजे केळं. त्यात ऴ दोनदा येतो. गुरुवारला म्हणतात ‘वियाऴक्किऴमै’. तोही दोनदा. हे दोन शब्द न अडखळता आले की ऴचं काम झालं समजा.

कानासाठी जोड्या लागतात. ‘पुलि’ म्हणजे वाघ, ‘पुळि’ म्हणजे चिंच. ‘मलै’ डोंगर, ‘मऴै’ पाऊस. ‘वलि’ दुखणं, ‘वऴि’ वाट. ‘वऴि तॆरियुमा?’ म्हणजे ‘वाट माहीत आहे का?’ ल लावलात तर तुम्ही दुखण्याची चौकशी करताय. तमिळ सहकाऱ्याला या जोड्यांतला एक शब्द म्हणायला सांगा आणि तुम्ही न बघता कोणता ते ओळखा. दहापैकी नऊ बरोबर येईपर्यंत रोज पाच मिनिटं.

आता एक दिलासा, आणि तो फक्त ऴपुरता आहे. तमिळनाडूच्या दक्षिण भागात, मदुरै-तिरुनेल्वेलीकडे, खुद्द तमिळ लोकच ऴच्या जागी सर्रास ळ म्हणतात: ‘वाळप्पळम्’. तेव्हा तुमचा ऴ पक्का होईपर्यंत ळ चालवा. समोरच्याला कळतं. ल मात्र चालवू नका. ‘वालप्पलम्’ म्हटलं की कान टवकारतात आणि समोरचा लगेच इंग्रजीवर जातो.

क्रियापद शेपटीकडून वाचा

तमिळ क्रियापद लांबतं, कारण आपण जे वेगवेगळ्या शब्दांत सांगतो ते एकाला एक चिकटवलेलं असतं. पण चिकटवण्याचा क्रम पक्का आहे: आधी धातू, मग काळ, मग कर्ता, आणि सर्वांत शेवटी ‘का’ किंवा ‘तर’सारखं काही. म्हणून ऐकताना शेपटीकडून सोलायचं.

कर्त्याची शेपटी आधी शिका, कारण ती सगळ्या काळांत तीच राहते. ‘पो’ म्हणजे जाणे:

नान् पोरेन् – मी जातो, जाते
नी पोरॆ – तू जातोस, जातेस
नींग पोरींग – तुम्ही जाता
नाम पोरोम् – आपण जातो
नांग पोरोम् – आम्ही जातो
अवन् पोरान् – तो जातो
अव पोरा – ती जाते
अवंग पोरांग – ते जातात, त्या जातात

दोन गोष्टी लगेच दिसतील. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ वेगळे आहेत, अगदी आपल्यासारखे. ‘नाम’मध्ये ऐकणारा धरलेला असतो, ‘नांग’मध्ये नसतो. हिंदी भाषिकाला हे समजावून सांगावं लागतं, आपल्याला नाही. दुसरं म्हणजे ‘मी जातो’ आणि ‘मी जाते’ हा फरक नाहीसा होतो. बोलणारा पुरुष असो की बाई, ‘पोरेन्’च. लिंग फक्त तो आणि ती यांच्यापुरतं राहतं. टेबल, खुर्ची, आंबा, पोळी हे सगळं ‘अदु’, म्हणजे ‘ते’. निर्जीव वस्तूंचं लिंग पाठ करायचा प्रश्नच नाही.

‘अदु’चं क्रियापद जरा वेगळं चालतं: वर्तमानात ‘वरुदु’ (येतं), भविष्यात ‘वरुम्’ (येईल), भूतकाळात ‘पोच्चु’ (गेलं), ‘आच्चु’ (झालं). ही सुटी पाठ करा.

आता काळ. ‘पोरेन्’ जातो, ‘पोनेन्’ गेलो, ‘पोवेन्’ जाईन. ‘वा’ म्हणजे येणे: वर्रेन्, वंदेन्, वरुवेन्. ‘साप्पिडु’ म्हणजे जेवणे: साप्पिड्रेन्, साप्पिट्टेन्, साप्पिडुवेन्. ‘पारु’ म्हणजे पाहणे: पाक्कुरेन्, पात्तेन्, पाप्पेन्. ‘सॊल्लु’ म्हणजे सांगणे: सॊल्रेन्, सॊन्नेन्, सॊल्लुवेन्. वर्तमान जवळजवळ सगळीकडे रेन्, भविष्य बहुतेक वेन् किंवा प्पेन्. वेडावाकडा आहे तो भूतकाळ, आणि तो धातूवरून नेमका काढता येईल असा सोपा नियम नाही. म्हणून वहीत प्रत्येक क्रियापद चार रूपांत लिहा: तीन काळांतलं ‘मी’चं रूप आणि चौथं ‘-यला’चं रूप (पोग, वर, साप्पिड, पाक्क, सॊल्ल). बाकी सगळं या चारांवरून बनतं.

भूतकाळात मराठी माणूस स्वतःच्याच व्याकरणात अडकतो. आपण ‘मी आंबा खाल्ला, मी पोळी खाल्ली’ म्हणतो, म्हणजे क्रियापद वस्तूप्रमाणे बदलतो. तमिळमध्ये ते नेहमी कर्त्याप्रमाणेच चालतं. ‘नान् पऴम् साप्पिट्टेन्’, ‘अवंग पऴम् साप्पिट्टांग’. फळ एक असो की दहा, शेपटी खाणाऱ्याची. डोक्यात मराठी वाक्य करून भाषांतर करत असाल तर चूक इथेच दिसेल: मी, तुम्ही, ते या सगळ्यांसाठी तुमच्या तोंडी एकच रूप येऊ लागेल, कारण मराठीत ‘मी, तुम्ही, त्यांनी आंबा खाल्ला’ असं एकाच रूपावर भागतं.

प्रश्न करायला शेवटी ‘आ’ लावतात, आपल्या ‘का’सारखा. इथे एक गंमत आहे. ‘साप्पिट्टींग’ म्हणजे ‘तुम्ही जेवलात’. त्याला आ लावला की ‘साप्पिट्टींगा’ होत नाही, ‘साप्पिट्टींगळा?’ होतं. लेखी रूपात शेवटी ळ् होता, बोलीनं तो गिळला, पण मागे स्वर आला की तो परत वर येतो. तसंच ‘अवंग’ला ‘ला’ जोडताना ‘अवंगळुक्कु’ (त्यांना). हा ळ मराठी तोंडाला फुकट मिळतो. ‘साप्पिट्टींगळा?’ हे दुपारी कोणालाही विचारावं असं वाक्य आहे. खरोखर जेवणाचीच चौकशी असते असं नाही, विचारपूस असते.

‘-ऊन’साठी ‘ट्टु’ आहे. ‘साप्पिट्टुट्टु वर्रेन्’, जेवून येतो. ‘पोयिट्टु वर्रेन्’, जाऊन येतो. घरातून निघताना तमिळ माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘पोयिट्टु वर्रेन्’च म्हणतो. मराठी घरात वाढलेल्याला याचं कारण सांगायला नको. ‘ट्टु’च्या पुढे ‘इरु’ म्हणजे असणे जोडलं की चालू क्रिया होते: ‘वंदुट्टु इरुक्केन्’, येतोय.

आता एक लांब शब्द सोलून बघू. कोणी विचारलं, ‘सॊल्लिट्टिरुंदांगळा?’ शेवटाकडून सुरू करा. ‘आ’ म्हणजे प्रश्न. त्याच्या आधी ‘आंगळ्’, म्हणजे कर्ता ‘ते’ किंवा आदरार्थी ‘ते’. त्याच्या आधी ‘इरुंद्’, म्हणजे ‘इरु’चा भूतकाळ, ‘होते’. त्याच्या आधी ‘ट्टु’. तो पुढच्या स्वरात मिसळून ‘ट्टि’ झाला आहे. उरला ‘सॊल्लि’, सांगणे. जोडलं की ‘ते सांगत होते का?’ मराठीतही शेवटून वाचलं तर का, होते, सांगत हाच क्रम येतो. वाक्यरचनेच्या बाबतीत आपण तमिळच्या बरेच जवळ आहोत. अडचण फक्त शब्दांच्या मधल्या जागा न दिसण्याची असते.

दुसरा: ‘पोगमुडियलॆन्ना सॊल्लुंग’. ‘न्ना’ म्हणजे ‘तर’. ‘मुडियलॆ’ म्हणजे ‘जमलं नाही’. ‘पोग’ म्हणजे ‘जायला’. पूर्ण वाक्य: ‘जायला जमलं नाही तर सांगा.’

‘-यला’च्या रूपाला पुढे काय लागतं ते शिकलात की एका क्रियापदातून अनेक वाक्यं निघतात. ‘वरणुम्’ यायला पाहिजे. ‘वरलाम्’ यायला हरकत नाही, किंवा येऊ शकतो. ‘वर मुडियुम्’ येता येईल, ‘वर मुडियादु’ येता येणार नाही. ‘वरक्कूडादु’ यायचं नाही. यांना कर्त्याची शेपटी लागत नाही, म्हणून ती सोपी. जमण्या-न जमण्याच्या वाक्यात कर्ता ‘ऎन्नालॆ’ होतो: ‘ऎन्नालॆ वर मुडियलॆ’. आपण ‘माझ्याच्यानं येणं झालं नाही’ म्हणतो, तीच बांधणी.

नकाराचे दोन प्रकार नीट वेगळे ठेवा. ‘वरलॆ’ म्हणजे आलो नाही किंवा येत नाहीये. सगळ्या कर्त्यांना हेच रूप. ‘वर माट्टेन्’ म्हणजे येणार नाही, पण त्यात ‘मला यायचं नाही’ असा हट्टाचा सूर येऊ शकतो. कोणी जेवायला बोलावलं आणि जमत नसेल तर ‘वर मुडियादु’ म्हणा, ‘वर माट्टेन्’ नको.

नामाचे प्रत्यय इथे थोडक्यात, कारण आपल्याला ते सहज जमतात. ‘ला’ म्हणजे ‘उक्कु’, ‘त’ म्हणजे ‘लॆ’, ‘तून’ म्हणजे ‘लॆरुंदु’. आणि आपल्या सामान्यरूपासारखं सामान्यरूपही आहे: ‘वीडु’ (घर) प्रत्ययाआधी ‘वीट्टु’ होतं, म्हणून वीट्टुक्कु, वीट्टुलॆ, वीट्टुलॆरुंदु. ‘मरम्’ (झाड) ‘मरत्तु’ होतं, म्हणून मरत्तुलॆ. ‘मला’ची वाक्यंही जशीच्या तशी जुळतात: ऎनक्कु वेणुम् (मला हवंय), ऎनक्कु तॆरियुम् (मला माहीत आहे), ऎनक्कु पिडिक्कुम् (मला आवडतं).

संस्कृतातून आलेल्या शब्दांवर मात्र भरवसा ठेवू नका. ‘अवसरम्’ म्हणजे घाई, ‘कष्टम्’ म्हणजे अवघड.

महिन्याचा बेत

रोज चाळीस मिनिटं धरा. सलग नको. वीस मिनिटं सकाळी मोठ्यानं बोलून सराव, वीस संध्याकाळी ऐकण्यासाठी. आणि एकच माणूस गाठा जो तुमच्या चुका सांगेल. तो कोइंबतूरचा आहे की मदुरैचा ते विचारून ठेवा आणि महिनाभर त्याचंच बोलणं प्रमाण माना. दोन जिल्ह्यांची रूपं मिसळलीत तर कोणतं बरोबर यावरच वेळ जातो.

पहिला आठवडा जिभेचा आणि कानाचा. वरच्या जोड्या, द्वित्त, ऴ, ह्रस्व-दीर्घ ए-ओ. व्याकरण काही नको, पण दहा-बारा तयार वाक्यं तोंडात बसवा: ‘साप्पिट्टींगळा?’, ‘पोयिट्टु वर्रेन्’, ‘पुरियलॆ’ (समजलं नाही), ‘मॆदुवा सॊल्लुंग’ (हळू सांगा), ‘इदु ऎन्न?’ (हे काय?), ‘ऎव्वळवु?’ (किती?). आज्ञेला ‘उंग’ किंवा ‘ंग’ लावलं की आदर येतो: वांग (या), पोंग (जा), सॊल्लुंग (सांगा). ओळख नसेल तर नेहमी हेच. ‘नी’ म्हणायची घाई करू नका. बाकी अण्णा आणि अक्का हे शब्द इथल्यासारखेच चालतात, थोरल्या भावाला आणि बहिणीला, आणि दुकानदारालाही.

दुसऱ्या आठवड्यात क्रियापदं. फक्त आठ घ्या: पो, वा, साप्पिडु, पारु, सॊल्लु, इरु, वांगु (विकत घेणे) आणि पण्णु (करणे). कर्ते फक्त तीन: नान्, नींग, अवंग. सगळे आठ कर्ते एकदम घेतले तर तक्ता पाठ होतो पण तोंडात येत नाही. या तिघांवर रोजचं ऑफिसातलं बोलणं चालतं. ‘पण्णु’ फार कामाचं आहे. इंग्रजी शब्द घ्यायचा आणि पुढे ते लावायचं: ‘फोन् पण्रेन्’, ‘वॆयिट् पण्णुंग’. आपण ‘फोन करतो’, ‘वेट करा’ म्हणतो तसंच. आठवड्याच्या शेवटी परीक्षा अशी घ्या की कोणी मराठीत ‘तुम्ही पाहिलंत का?’ म्हणेल आणि तुम्ही दोन सेकंदांत ‘पात्तींगळा?’ म्हणाल. त्याहून वेळ लागत असेल तर तिसऱ्या आठवड्यात जाऊ नका, हाच परत करा.

तिसऱ्यात णुम्, लाम्, मुडियुम्, लॆ, माट्टेन् आणि ट्टु. नवी क्रियापदं नकोत, त्याच आठांवर हे चढवा. याच आठवड्यात लिपी सुरू करा, रोज दहा मिनिटं. तमिळला बारा स्वर आणि अठरा व्यंजनं आहेत. पण क आणि ग यांना एकच अक्षर, ट आणि ड यांना एकच, त आणि द, प आणि ब तसेच. शब्दाच्या सुरुवातीला किंवा द्वित्तात कठोर उच्चार करायचा. दोन स्वरांमध्ये किंवा अनुनासिकानंतर मृदू. म्हणूनच लिपी उशिरा. आधी ‘वीडु’ आणि ‘वीट्टुक्कु’ कानात बसलेले असले की अक्षर बघून उच्चार आपोआप सुचतो. आधी लिपी शिकणारे ‘वीटु’ वाचत बसतात.

चौथ्या आठवड्यात नवीन काही शिकू नका. मुलाखती किंवा घरगुती गप्पांचं एखादं ध्वनिमुद्रण घ्या. बातम्या नकोत, त्या लेखी भाषेत असतात. रोज एक मिनिटाचा तुकडा पुन्हा पुन्हा ऐका, तीन लांब क्रियापदं देवनागरीत उतरवा आणि शेवटाकडून सोला. जिथे अडेल तिथे त्या एका माणसाला विचारा. आणि दुपारी जेवताना पाच मिनिटं इंग्रजी न वापरता बोला. संवाद साधारण असा होतो:

‘साप्पिट्टींगळा?’
‘इन्नुम् इल्लॆ. मीटिंग् इरुक्कु. मुडिच्चुट्टु वर्रेन्.’
‘सरि, नान् वॆयिट् पण्रेन्.’
‘इल्लॆ इल्लॆ, नींग पोंग. नान् अप्पुरम् वर्रेन्.’

म्हणजे, जेवलात का? अजून नाही. मीटिंग आहे. संपवून येतो. बरं, मी थांबतो. नको नको, तुम्ही जा. मी नंतर येतो.

‘मुडिच्चुट्टु’ कुठे शिकलो नव्हतो असं वाटलं तर ‘ट्टु’ सोला. उरलेलं ‘मुडिच्चु’ म्हणजे संपवून. अशा रीतीनं न शिकलेल्या क्रियापदाचा निदान कर्ता, काळ आणि प्रश्न आहे की नाही एवढं कळू लागलं की महिन्याचं काम झालं. धातूचा अर्थ विचारून घेता येतो. समोरचा इंग्रजीत वळलाच तर ‘तमिऴ्लॆये सॊल्लुंग’ (तमिळमध्येच सांगा) म्हणा, ऴ न टेकवता.

दुसऱ्या महिन्यात आधी उरलेले कर्ते, मग शंभरेक क्रियापदं, आणि मग लेखी रूपं. लेखी ‘न्ऱ’ आणि ‘ऱ्ऱ’ बोलीत कसे होतात ते तेव्हा एकदाच बघून घ्या: ऒन्ऱु-ऒण्णु, मून्ऱु-मूणु, नेऱ्ऱु-नेत्तु (काल). या जोड्या डोळ्याखालून गेल्या की पहिल्या दिवशी बाजूला ठेवलेलं पुस्तक उघडायला हरकत नाही.